बोर्डाच्या पाठीमागचा लोड

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून जायचं असलं की सकाळी चहा घेतानाच माझं डोकं तापायला लागतं. आमच्या व्यवसायात याला मान समजतात. घ्यायला गाडी येते, दारात कोणीतरी उभं असतं, टेबलावर तर्री-पोहे आणि वर शेव तयार असते. पोहे संपायच्या आत सह्यांचे कागद पुढे येतात आणि नम्र आवाजात सांगितलं जातं, "मॅडम, सगळं झालंच आहे, फक्त तुमची सही." सगळं झालंच आहे तर मला कशाला बोलावलंत, असं मी एकदा विचारलंही होतं. त्यावर सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

कामठी रोडवरच्या त्या कॉलेजातही हेच. तिथले अंतर्गत परीक्षक, त्यांना मी इथे नुसतं सर म्हणते, वयानं माझ्याहून बरेच लहान. माणूस वाईट नव्हता. चार विषय त्यांच्या गळ्यात, शिवाय प्रवेशाचं काम, शिवाय कोणत्या ना कोणत्या कमिटीची तयारी. बोलता बोलता ते घड्याळ बघायचे. पोहे खाताना त्यांनी मला बॅचची माहिती दिली. "सगळी चांगली पोरं आहेत मॅडम. एकच रिपीटर आहे, मुलगी. मागच्या वेळीही याच प्रॅक्टिकलमध्ये अडकली. घरचे म्हणतात, आता नाही झाली तर बस झालं शिक्षण. घरी पॉवरलूम आहेत, तिथं बसवतो म्हणतात."

"म्हणजे पास करायची का?" मी विचारलं.

"तसं नाही म्हणत मी," सर म्हणाले, पण म्हणत ते तेच होते. त्यात दया होती की कटकट मिटवायची घाई होती, हे मला अजूनही सांगता येत नाही.

प्रयोग अगदी सोपा होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना अगदी सुरुवातीला शिकवतात तो आरसी लो पास फिल्टर. एक रोध, दहा किलोओहमचा. त्याच्यापुढे एक कपॅसिटर, एका मायक्रोफॅरडचा शंभरावा भाग. एका बाजूनं सिग्नल द्यायचा, कपॅसिटरच्या दोन टोकांवर बाहेर येणारा सिग्नल बघायचा. कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल जसाच्या तसा बाहेर येतो, जास्तीचा हळूहळू कमी होत जातो. कुठून कमी व्हायला लागतो ती जागा म्हणजे कटऑफ. गणितानं ती या आकड्यांना साधारण सोळाशे हर्ट्झला येते. मुलांनी मोजायची, ग्राफ काढायचा, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, घरी जायचं. यात बिघडण्यासारखं काही नाही, असं मला वाटत होतं.

मी प्रयोगशाळेत गेले तर सगळ्यांचे ग्राफ तयार. टेबलांवर काळे बोर्ड, त्यावर पांढऱ्या रेघांनी छापलेलं सर्किट, शेजारी ऑसिलोस्कोप आणि सिग्नल जनरेटर. मी पहिल्याच मुलाच्या मागे उभी राहिले. ग्राफ कसा, तर पाठ्यपुस्तकातून उचलून चिकटवल्यासारखा. सुरुवातीला गेन, म्हणजे आउटपुट आणि इनपुटचं गुणोत्तर, बरोबर एक, मग सुरेख वळण, सोळाशेच्या जरासं अलीकडे कटऑफ. पोरानं बिंदूंवर छोटे छोटे गोल काढले होते. त्याचा ऑसिलोस्कोप मात्र बंद होता.

"हा चालू नाही केलास?"

"केला होता मॅडम. बंद केला. वीज वाचवायची म्हणून."

मी काचेला हात लावून पाहिला. थंडगार. दुसऱ्याचा ऑसिलोस्कोप चालू होता, पण त्याच्या पडद्यावर सिग्नलऐवजी आडवी रेघ होती. तिसऱ्याच्या जनरेटरची वायर बोर्डापर्यंत पोचलीच नव्हती. ग्राफ तिघांचेही एकसारखे. आता हे काही मला नवीन नव्हतं. आमच्याकडे याला 'रीडिंग जुळवणं' म्हणतात. उत्तर आधी ठरलेलं असतं, मग त्यावरून मागे मागे येत आकडे लिहायचे. आधी कळस मग पाया. सीनियर मुलं ज्युनियरना हे परंपरेनं शिकवतात आणि आम्ही शिक्षक ते न दिसल्यासारखं करतो. संतापून संतापून किती संतापणार? तीस मुलं, दोन तास, मनात म्हटलं, चला, तोंडी परीक्षेत बघू.

शेवटच्या टेबलापाशी सर एका मुलीला हळू आवाजात रागावत होते. मी जवळ गेल्यावर ते बाजूला झाले. मुलगी बारीक अंगाची, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. हीच ती रिपीटर, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिचा ऑसिलोस्कोप चालू होता. पडद्यावर दोन लाटा होत्या, वरची मोठी, खालची तिच्या बरोबर निम्मी.

सर मला म्हणाले, "बघा मॅडम. इनपुट दोन व्होल्ट, आउटपुट एक. सुरुवातीलाच निम्मं. गेन एक यायला पाहिजे, हिचा अर्धा. कटऑफ सोळाशे, तर हिचा बत्तीसशे. आणि तोही कशावरून काढला देव जाणे. आउटपुट इनपुटच्या सत्तर टक्क्यांवर येतं ती जागा म्हणजे कटऑफ. हिचं आउटपुट सत्तर टक्क्यांच्या वर कधी गेलंच नाही. मग कटऑफ आला कुठून?"

"कशावरून काढलास?" मी तिला विचारलं.

"मॅडम, याच्या जास्तीत जास्तीच्या सत्तर टक्के घेतले," ती म्हणाली. "जास्तीत जास्त एकच व्होल्ट येऊन राहिलं. तर मी पॉइंट सात व्होल्टवर पाहिलं. ते बत्तीसशेच्या आसपास येते."

मी चमकले. कारण हे बरोबर होतं. कटऑफ इनपुटवरून मोजायचा नसतो, फिल्टर जे जास्तीत जास्त देतो त्याच्या सत्तर टक्क्यांवर मोजायचा असतो. गेन एक असला की दोन्ही सारखंच, म्हणून कोणाला फरक कळत नाही. इथं गेन अर्धा होता आणि या मुलीला फरक कळला होता. सरांना कळला नव्हता.

"कनेक्शन पाहिलंस?"

"तीनदा पाहिलं. वायरा बदलल्या. प्रोब बदलला. हेच येते."

"मग बाकीच्यांचं सोळाशे काहून येऊन राहिलं?" सर मधेच म्हणाले. चिडले की त्यांची भाषा घरची व्हायची.

बाकीच्यांपैकी कोणी काही मोजलेलंच नाही, हे तिला माझ्याआधीच दिसलेलं असणार. पण तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. नुसती ओढणीची गाठ घट्ट केली.

"मागच्या वेळी काय झालं होतं?" मी विचारलं.

"हेच आलं होतं मॅडम."

"हेच म्हणजे? अर्धा गेन, बत्तीसशे?"

"हो."

"आणि?"

"नापास."

मला खरोखर राग आला, पण तो नक्की कोणावर हे ठरेना. "काय वं पोरी," मी म्हटलं, "एकदा यानंच नापास झालीस, उत्तर काय पाहिजे ते तुला माहीत होतं, तरी पुन्हा हेच लिहिलंस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोलले. "मॅडम, येतेच तेवढं. तर काय लिहू?"

सरांनी कपाळाला हात लावला. आणि मला जाणवलं की गेन अर्धा आणि कटऑफ बरोबर दुप्पट, हे दोन्ही एकाच वेळी चुकून होत नाही. चुकीच्या जोडणीनं काहीही येतं, पण इतकं हिशेबात येत नाही. अर्धा आणि दुप्पट एकत्र आले की आमच्या क्षेत्रातल्या माणसानं एकच प्रश्न विचारायचा असतो: आउटपुटला काय जोडलं आहे?

"मल्टिमीटर द्या," मी म्हटलं.

सरांना वाटलं मी चिडले. ते म्हणाले, "मॅडम, राहू द्या ना. आपण हिला दुसरा बोर्ड देऊ. तिकडे सोळाशे येईल, लिहील, पास होईल. चार वाजेपर्यंत मार्क भरायचे आहेत."

"मल्टिमीटर द्या."

मी जनरेटर सुटा केला. आता बोर्डाच्या आउटपुटवर कपॅसिटरशिवाय काही नसायला हवं होतं, आणि कपॅसिटरमधून मीटरचा प्रवाह वाहत राहत नाही. मीटरनं काहीच जोडलेलं नाही असं दाखवायला हवं. मीटरनं दाखवलं दहा किलोओहम. ठणठणीत, हलायला तयार नाही. मी शेजारच्या टेबलावरचा बोर्ड ओढला. दहा किलोओहम. त्याच्या पलीकडचा, मग ओळीनं सगळे. दहा. प्रयोगशाळेतल्या सगळ्या बोर्डांच्या आउटपुटवर कोणीतरी दहा किलोओहम बसवून ठेवले होते आणि बोर्डावर छापलेल्या चित्रात त्यांचा पत्ता नव्हता.

पेचकस मागवला, बोर्ड उलटा केला, स्क्रू काढले. पाठीमागे तो रोध होता. तपकिरी, काळा, नारिंगी पट्टे, म्हणजे दहा किलोओहमची खूण, दोन्ही टोकं आउटपुटच्या टर्मिनलांना नीट सोल्डर केलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सरांनी बोर्ड जवळ ओढून पाहिला. मग त्यांना आठवलं. "अरे हो. कमिटी येणार होती ना. तेव्हा."

ते ऐकून मी खुर्चीवर बसले. झालं होतं असं: या प्रयोगाचा पूर्वी दुसरा भाग असायचा, आउटपुटला लोड जोडला तर काय होतं ते बघायचा. त्यासाठी प्रत्येक बोर्डाबरोबर एक सुटा रोध दिलेला असे. मुलं ते हरवायची. तपासणीच्या कमिटीपुढे सामान कमी दिसायला नको म्हणून वरून हुकूम निघाला की सुटं सुटं जे काही आहे ते बोर्डावर पक्कं करून टाका. आणि पक्कं केलं. कमिटी आली, सामान पूर्ण दिसलं, चहा पिऊन गेली. मग अभ्यासक्रम आटोपशीर करताना तो दुसरा भागही गेला. लोड मात्र तिथंच राहिला. तेव्हापासून या प्रयोगशाळेत कोणाचाही कटऑफ सोळाशे येणं शक्यच नव्हतं. आणि तेव्हापासून सगळ्यांचा सोळाशेच येत होता.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं माझी आई म्हणायची. मी ते तिथं मोठ्यानं म्हटलं. सर ओशाळले.

मी सगळ्या मुलांना त्या टेबलाभोवती बोलावलं. आवाज चढलाच होता, तो मी उतरवला नाही. फळ्यावर काढून दाखवलं. कमी फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर असून नसल्यासारखा असतो. मग सिग्नलच्या वाटेत राहतात दोन रोध, एक फिल्टरचा दहा, एक पाठीमागचा दहा. दोघं व्होल्टेज वाटून घेतात. दोन भाऊ सारखे असले तर वाटणी निम्मी निम्मी. म्हणून गेन अर्धा. आणि कपॅसिटरच्या जागेवरून पाहिलं तर त्याला हे दोन्ही रोध समांतर दिसतात, दहा आणि दहा मिळून पाच. रोध निम्मा झाला की कटऑफ दुप्पट. सोळाशेचा बत्तीसशे. लोड आणखी लहान असता तर गेन अजून खाली गेला असता आणि कटऑफ अजून वर. खूप मोठा असता, दहाच्या ऐवजी हजार किलोओहम, तर कोणाला काही कळलंही नसतं. ऑसिलोस्कोपही लोडच असतो, पण तो इतका मोठा असतो की चालून जातं.

मग मी सोल्डरिंग गन मागितली, रोधाचं एक टोक सोडवलं आणि मुलीला म्हटलं, "आता बघ."

तिनं जोडलं. खालची लाट वाढून वरच्या लाटेएवढी झाली. तिनं फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेली आणि सोळाशेच्या जवळ आल्यावर थांबली. पडद्यावर बोट ठेवून चौकोन मोजले. "एक पॉइंट चार व्होल्ट. इथं आहे मॅडम."

"बघा, आलं ना बरोबर!" सर एकदम खुश होऊन म्हणाले. "हे लिही आता आधीचं खोडून."

माझा उरलासुरला संयम तिथं संपला. "का खोडायचं?" मी ओरडलेच. "आधीचं काय चूक होतं?" खरं तर सरांवर इतकं ओरडायला नको होतं, मुलांसमोर तर नकोच. पण हा माणूस शिक्षक होता, डोळ्यांसमोर पाठीमागचा रोध पाहत होता, आणि तरी त्याच्या दृष्टीनं बरोबर म्हणजे छापलेलं. मी मुलीला विचारलं, "यातलं कोणतं बरोबर?"

तिनं थोडा विचार केला. "दोन्ही, मॅडम. लोड लावला तर ते, काढला तर हे."

तोंडी परीक्षेत मी तिला आणखी एकच प्रश्न विचारला. यालाच उलटं केलं, कपॅसिटर आधी आणि रोध नंतर, म्हणजे हाय पास केला, आणि असाच लोड लावला तर? तिनं बोटानं टेबलावर सर्किट काढलं. कटऑफ तिथंही दुप्पट होईल म्हणाली, कारण दोन रोध तसेच समांतर. "पण गेन नाही पडणार. वरच्या फ्रिक्वेन्सीले कपॅसिटर वाट मोकळी करते, तर मधात वाटून घ्यायले कोणी राहतच नाही." तिचे मार्क मी तिथंच लिहिले, आणि सरांनी शेजारी सही केली.

बाकीच्यांना मी पुन्हा प्रयोग करायला लावला, लोडसकट आणि लोड काढून, दोन्ही. मोठी कुरकुर झाली. मार्क भरायला चार काय, सहा वाजणार हे उघड होतं. सर सारखे कोणाला तरी फोनवर उशिराची कारणं सांगत होते. ज्याचा ऑसिलोस्कोप थंडगार होता तो मुलगा मला येऊन विचारतो, "मॅडम, ग्राफ सुंदर काढला होता, त्याचे काही मार्क?" काय बोलणार! चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची पद्धत इतकी पक्की झालेली होती की चोरांना आपण चोर आहोत हेही माहीत नव्हतं.

मुलीचं काम संपलं होतं, तरी ती जाईना. बॅग खांद्याला लावून दाराशी उभी. मी बाहेर आले तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, मंग मागच्या वेळीही मी पासच होती ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी शंका विचारावी तसं विचारलं. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता तो रिझल्ट लागून गेला ना पण." त्यांचं खरं होतं. तो निकाल बदलता येत नव्हता, गेलेलं वर्ष कोणी परत देणार नव्हतं. माझा राग एकदम गळून गेला आणि त्या जागी नुसतं वाईट वाटत राहिलं.

"होतीस," मी म्हटलं. "तेव्हाही तुझंच बरोबर होतं."

ती जरा घुटमळली. मग बॅगेतून फोन काढला. "मंग हे बाबाले तुम्ही सांगता का? मी सांगते तर त्याले पटत नाही."

निकाल असा फोनवर सांगायचा नसतो, नियम मला पाठ आहे. मी फोन घेतला. पलीकडे मागांचा असा खडखडाट होता की मला ओरडावं लागलं. मी कोण ते सांगितलं, तिची परीक्षा चांगली झाली हे सांगितलं. "बरं झालं, बरं झालं," तेही ओरडून म्हणाले. मग मी म्हटलं, "आणि मागच्या वर्षीही तिचं चुकलं नव्हतं."

"काय म्हणलं?"

"मागच्या वर्षी! तिचं चुकलं नव्हतं!"

"थांबा मॅडम, माग बंद करतो."

एक माग थांबला, मग दुसरा. आता आवाज इतका स्पष्ट येऊ लागला की त्यांचा श्वासही ऐकू येत होता. मी सांगितलं की बोर्डाच्या पाठीमागे एक जास्तीची वस्तू जोडलेली होती, कोणालाच माहीत नव्हती, तिच्यामुळे आकडा वेगळा यायचा. तुमच्या मुलीनं येत होता तोच लिहिला. बाकीच्यांनी पुस्तकातला लिहिला.

"वर्षभर हेच सांगत होती ते मले," ते म्हणाले. "मी म्हणलं, सारे पास झाले अन् तूच एकटी खरी का? मंग तिनं सांगणंच सोडलं." मग म्हणाले, "फोन तिच्याजवळ द्या, मॅडम."

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. पलीकडून काहीतरी बोलणं येत होतं, मला शब्द कळत नव्हते. ती नुसती ऐकत होती. ओढणीच्या टोकानं तिनं एकदा नाक पुसलं. मग म्हणाली, "नाही बाबा. जेवली नाही अजून."